वीस लॉट, ४५ हजार आणि ६५ पैसे : डॉलरच्या वायद्याचा आमचा अनुभव

सोलापुरातल्या छोट्या टॉवेल कारखान्यांपैकी ज्यांची बिलं डॉलरमध्ये निघतात, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहीत आहे. २०२५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये आम्ही पहिल्यांदा एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचा वायदा केला, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच ठरवून घेतला. त्यात मार्जिन कॉल, म्हणजे खात्यातली रक्कम कमी पडली म्हणून आणखी पैसे भरा असा ब्रोकरचा निरोप आला, ब्रोकरने सौदा बंद केला, मग आम्ही तो पुन्हा उभा केला आणि शेवटपर्यंत नेला. हे सगळं कागदोपत्री मी सांभाळत होते. सुरू करण्याआधी कुणी आकड्यांनिशी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं सारखं वाटत होतं, म्हणून इतकं सविस्तर.

आमचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. भागीदारी फर्म, भागीदार सासरे आणि दीर. त्यांना आम्ही अण्णा आणि भाऊजी म्हणतो. हिशेब माझ्याकडे असतो. जानेवारीत टॉवेलचा एक माल न्हावाशेवाहून निघाला. बिल २०,००० डॉलरचं आणि पैसे साठ दिवसांनी, म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येणार. टॉवेलचा भाव काढताना आम्ही डॉलर ८५.५० धरला होता. माल निघाला तेव्हा तो ८६.५० च्या आसपास होता. सूत, रंगाई, शिलाई सगळं रुपयात आधीच देऊन झालेलं. मार्चपर्यंत डॉलर रुपया-दीड रुपयाने उतरला तर या मालातला नफा जवळपास संपणार होता. अण्णांचं म्हणणं साधं होतं : भाव आत्ता बरा आहे तर आत्ताच बांधून टाकू.

भाव बांधायचा पहिला रस्ता म्हणजे बँकेचा फॉरवर्ड, पुढच्या तारखेचा भाव आज ठरवून बँकेशीच केलेला करार. आमच्या बँकेने त्यासाठी वेगळी लिमिट मंजूर करावी लागेल असं सांगितलं. प्रस्ताव, ताळेबंद, तारण, मग वरच्या कार्यालयाची मंजुरी. एवढ्यात मार्च उलटला असता. दुसरा रस्ता एक्स्चेंजवरचा वायदा. यात एक लॉट १,००० डॉलरचा असतो, त्यामुळे छोट्या बिलालाही तो बसतो. आमच्या बिलाला वीस लॉट.

खातं उघडण्याचं काम गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतच सुरू केलं. फर्मचं पॅन, भागीदारी करारनामा, दोन्ही भागीदारांचे केवायसीचे कागद, रद्द केलेला चेक, आयात-निर्यात कोड आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र लागलं. वायद्यांचा विभाग चालू करून घ्यायचा तर उत्पन्नाचा पुरावा मागतातच, तो आधीच काढून ठेवा. याशिवाय एक घोषणापत्र द्यावं लागलं, ते महत्त्वाचं आहे. रुपयाशी जोडलेल्या चलनाच्या वायद्यात उतरणाऱ्याकडे खरोखरचं परकीय चलनाचं येणं किंवा देणं असलं पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आणि ते मे २०२४ पासून लागू झालं. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार मात्र खरा असावा लागतो. त्यामुळे डॉलर वर जाईल की खाली एवढ्या अंदाजावर पैज लावायला ही जागा आता नाही. आमच्याकडे बिल आणि शिपिंग बिल होतं. घोषणापत्राची प्रत आणि हे दोन कागद मी एकाच फायलीत लावले.

खातं चालू व्हायला जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला. एका ऑर्डरला २० रुपये दलाली, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि एक्स्चेंजचे किरकोळ आकार. शेअरच्या व्यवहारावर लागतो तो एसटीटी हा कर चलनाच्या वायद्याला नाही. खर्चाच्या बाजूने हा रस्ता स्वस्तच आहे. खरी किंमत मोजावी लागते ती मार्जिनच्या रोख रकमेत.

ते मार्जिन नेमकं काय, ते आमच्याच आकड्यांवर सांगते. २९ जानेवारीला आम्ही मार्चच्या सिरीजचे, म्हणजे मार्चमध्ये मिटणारे वीस लॉट ८६.८५ ला विकले. विकले, कारण आम्हाला डॉलर मिळणार होते आणि भाव उतरण्याची भीती होती. एका लॉटची किंमत झाली ८६,८५० रुपये. पण तो सौदा उभा करायला ब्रोकरने खात्यात अडकवले साधारण २,००० रुपये, हेच मार्जिन. म्हणजे दोन हजारांच्या जोरावर ८६ हजारांचा व्यवहार, जवळपास त्रेचाळीस पट. वीस लॉटला ४०,००० अडकले आणि व्यवहार उभा राहिला सतरा लाखांच्या वर. आम्ही खात्यात भरले होते ४५,०००. सुताच्या व्यापाऱ्याचं देणं तोंडावर होतं, त्यामुळे अण्णांनी या कामासाठी तेवढीच रक्कम काढून दिली होती.

आता हिशेबातला सगळ्यात उपयोगाचा आकडा. एक लॉट १,००० डॉलरचा, त्यामुळे भाव एक पैसा हलला की एका लॉटमागे १० रुपये हलतात. वीस लॉटला एका पैशामागे २०० रुपये. खात्यात मार्जिनपेक्षा जास्त होते ५,०००. पाच हजाराला दोनशेने भागलं की येतात पंचवीस. डॉलर आमच्या विरुद्ध, म्हणजे वर, पंचवीस पैसे गेला की मोकळे पैसे संपणार आणि त्यापुढच्या प्रत्येक पैशाला नवी रोकड लागणार. ८६.८५ वर पंचवीस पैसे म्हणजे पाव टक्क्यापेक्षा किंचित जास्त. डॉलर-रुपया एवढा एका सकाळीही हलतो. पडद्यावर हे पंचवीस पैसे कुठेच लिहिलेले नसतात. तिथे फक्त Available margin आणि Used margin असे दोन आकडे असतात, बाकीचं आपण काढायचं.

इथे नवख्या माणसाला कोडं पडतं, आमच्या भाऊजींनाही पडलं. ते म्हणाले, "वहिनी, डॉलर वर गेला तर आपलं नुकसान कसं? आपले डॉलर तर यायचेत. तेवढ्याच पैशांनी आपलं बिल वाढलं ना?" बरोबर आहे. डॉलर एक रुपयाने वर गेला तर वायद्यात वीस हजार जातात आणि बिलात वीस हजार वाढतात. पण बिलातले वीस हजार मार्चच्या अखेरीस बँकेत येतात आणि वायद्यातले वीस हजार त्याच संध्याकाळी खात्यातून वजा होतात. एक्स्चेंज रोज संध्याकाळी त्या दिवसाचा सेटलमेंट भाव काढतं आणि आदल्या भावाशी असलेला फरक रोख घेतं किंवा देतं. याला मार्क टू मार्केट म्हणतात. शेअर तारण ठेवून मार्जिन भागवता येतं, पण हा रोजचा फरक रोखच भरावा लागतो. नफा-तोटा कागदावर शून्य असला तरी मधले दोन महिने रोकड आपल्याच खिशातून जाते.

पहिले दोन दिवस शांत गेले. शुक्रवारी ३१ जानेवारीला मार्चचा सेटलमेंट भाव ८६.९५ आला. दहा पैसे वर, म्हणून २,००० वजा. खात्यात राहिले ४३,०००, मोकळे ३,०००. म्हणजे आता पंधरा पैशांचीच जागा. मी भाऊजींना सोमवारी आणखी थोडे पैसे भरायला सांगितलं आणि त्यांनी होकार दिला.

शनिवारी १ फेब्रुवारीला इकडे केंद्राचा अर्थसंकल्प झाला आणि तिकडे अमेरिकेने कॅनडा, मेक्सिको आणि चीनच्या मालावर आयातशुल्क लावण्याचे आदेश काढले. सोमवारी सकाळी नऊला चलनाचा बाजार उघडला तो वरूनच. रुपया पहिल्यांदाच डॉलरला ८७ च्या पलीकडे गेला होता. आमच्या पडद्यावर मार्चचा भाव ८७.३० दिसत होता. मधले भाव आलेच नाहीत, ८६.९५ वरून थेट पस्तीस पैसे वर. मी ऑफिसात होते, शेजारच्या शेडमध्ये मागांचा नेहमीचा खडखडाट चालू होता आणि Available margin समोर वजा चार हजार आलं होतं. ब्रोकरचा एसएमएस त्यानंतर आला. वीस-पंचवीस मिनिटांनी.

हा क्रम लक्षात ठेवा. बाजार उडी मारून उघडला की आधी मार्जिन संपतं आणि मग निरोप येतो. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरावीक भाव आला की सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर, लावला असता तर काय, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. उडीच्या वेळी स्टॉप-लॉस मिळेल त्या भावाला लागतो, आपण लिहिलेल्या भावाला नाही. शिवाय बिलाच्या बदल्यात विकलेल्या सौद्याला स्टॉप-लॉस लावणं म्हणजे ज्यासाठी सौदा केला ते संरक्षणच काढून टाकणं.

दिवसभर भाव वरच राहिला. संध्याकाळचा सेटलमेंट भाव ८७.५०. आदल्या सेटलमेंटपेक्षा पंचावन्न पैसे जास्त, म्हणजे ११,००० वजा. खात्यात उरले ३२,००० आणि लागत होते निदान ४०,०००. आठ हजारांची तूट. आम्ही विकल्यापासून डॉलर एकूण पासष्ट पैसे चढला होता, टक्केवारीत पाऊण टक्का. पण आमच्या मार्जिनच्या हिशेबात ते तेरा हजार होते, अडकवलेल्या चाळीस हजारांचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्रेचाळीस पटीचा व्यवहार म्हणजे पाऊण टक्का हलल्यावर आपल्या पैशात बत्तीस टक्के हलणं. रात्री ईमेल आला : तूट उद्या सकाळी अकराच्या आत भरा, नाहीतर सौदा पूर्ण किंवा अंशतः बंद करण्यात येईल.

आठ हजार रुपये ही कारखान्याला न पेलणारी रक्कम नव्हती. अडचण वेगळीच निघाली, आणि ती भागीदारी फर्म असलेल्या प्रत्येकाला येऊ शकते.

मंगळवारी ४ तारखेला भाऊजी पुण्यात होते. आमच्या चालू खात्यावरून ऑनलाइन पैसे पाठवायला दोघा भागीदारांची मंजुरी लागते. एकाने टाकायचं, दुसऱ्याने ओटीपी देऊन पक्कं करायचं. अण्णांना मोबाइलवर ते जमेना. भाऊजींनी वेळ वाचवायला स्वतःच्या बचत खात्यातून ब्रोकरकडे पंधरा हजार पाठवून दिले आणि मला फोन केला, "वहिनी, टाकलेत, काळजी करू नका." दहा मिनिटांनी ते पैसे परत गेले. ब्रोकरला फक्त केवायसीत नोंदलेल्या खात्यातूनच पैसे घेता येतात, आणि नोंद होती फर्मच्या चालू खात्याची. भाऊजी भागीदार असले तरी त्यांचं वैयक्तिक खातं हे ब्रोकरच्या दृष्टीने तिसऱ्याच माणसाचं. मग फोनवर एकेक पायरी सांगत अण्णांकडून फर्मच्या खात्यातली मंजुरी करून घेतली. पैसे ब्रोकरच्या खात्यात दिसले तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्याआधीच, अकरा वाजून पाच मिनिटांनी, ब्रोकरच्या रिस्क विभागाने वीसच्या वीस लॉट बाजारभावाने परत घेऊन टाकले होते, ८७.४२ ला.

मला जास्त लागलं ते "वीसच्या वीस" याचं. त्या वेळी खात्यात जे होतं त्यावर सोळा लॉट राहू शकले असते, चार बंद केले तरी तूट भरून निघाली असती. मी ब्रोकरला लेखी विचारलं आणि स्क्वेअर-ऑफची, म्हणजे सौदा बंद केल्याची नोंद मागितली : ऑर्डर किती वाजता गेली, किती लॉट, कोणत्या भावाला, तूट त्या क्षणी किती होती. ही नोंद मागायचा आपल्याला हक्क आहे, मागाच. उत्तर दोन दिवसांत आलं. वेळ आणि भाव बरोबर होते. पूर्ण बंद का, यावर त्यांनी खातं उघडताना सही केलेल्या धोरणाचा परिच्छेद जोडला : पूर्ण की अंशतः हे ठरवण्याचा अधिकार ब्रोकरचा. समाधान झालं नसतं तर पुढची पायरी सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करण्याची होती. ते धोरण मी पुन्हा वाचलं, त्यात आमच्या बाजूने काही निघेना, म्हणून तिथे थांबले. पण ब्रोकर निवडताना हा एक प्रश्न आधी विचारण्याजोगा आहे : तूट आली तर तुम्ही तेवढेच लॉट कापता की सगळे, आणि किती वाजता?

हिशेब असा राहिला : सत्तावन्न पैसे गुणिले दोनशे, म्हणजे ११,४०० चा तोटा, खर्च वेगळा. आणि बिल उघडं पडलं.

त्यानंतर बाजारात जे झालं ते मी रोज वहीत मांडत गेले, कारण मला बघायचं होतं की किती पैसे असते तर सौदा टिकला असता. रुपया आणखी घसरला. ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ केला. १० फेब्रुवारीला सकाळी डॉलर ८८ च्या अगदी जवळ गेला, मार्चचा वायदा त्याच्याही थोडा वर. आणि दुसऱ्याच दिवशी रुपया जोरात सावरला. ११ तारखेच्या संध्याकाळी डॉलर ८७ च्या आत होता. म्हणजे सगळ्यात वाईट क्षणी वायदा आमच्या भावापासून साधारण एक रुपया तीस पैसे वर गेला होता. तेवढं सोसायला लागले असते २६,०००, शिवाय अडकलेलं मार्जिन ४०,०००, आणि हेलकावे वाढले की एक्स्चेंज मार्जिन थोडं वाढवतं तेही धरायचं. सत्तर हजार खात्यात असते तर वीस लॉट टिकले असते. सतरा लाखांच्या व्यवहाराला सत्तर हजार म्हणजे चार टक्के. ब्रोकर मागतो सव्वादोन-अडीच टक्के, कारण त्याला एखाद-दुसऱ्या दिवसाची जोखीम झाकायची असते. आपल्याला दोन महिने तग धरायचा असतो. या दोन आकड्यांतला फरक आपण आपल्या पैशाने भरायचा असतो, ते ब्रोकरचं काम नाही.

याच सुमारास माझ्या मावसभावाने मला त्याच्या मोबाइलवरचं एक परदेशी ॲप दाखवलं. तिथे पाचशे पट मिळतात, डॉलर-युरोचा व्यवहार शंभर डॉलरवर सुरू होतो, कागद काही लागत नाहीत, असं तो उत्साहाने सांगत होता. मी त्याला तोच भागाकार करून दाखवला. शंभर डॉलरवर पाचशे पट म्हणजे पन्नास हजार डॉलरचा व्यवहार. भाव विरुद्ध ०.२ टक्के गेला की शंभरच्या शंभर संपले. प्रत्यक्षात त्याआधीच संपतात, कारण पैसे एका ठरावीक पातळीखाली गेले की ॲप आपणहून सौदा बंद करतं, तिथे फोन नाही की दुसऱ्या दिवशी अकरापर्यंतची मुदत नाही. युरो-डॉलर एवढा हलायला दुपारची चहाची वेळही पुरते. आणि कायद्याची बाजू त्याहून कडक आहे. आपल्याला परदेशी पैसे पाठवता येतात ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, आणि परदेशी प्लॅटफॉर्मला मार्जिन किंवा मार्जिन कॉलसाठी भारतातून पैसे पाठवणं त्या योजनेत चालत नाही. परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची एक सावधगिरीची यादीही रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून आपल्या संकेतस्थळावर देते. मी त्याला ती यादी उघडून दिली. त्याचं ॲप त्यात नव्हतं, पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही, हे रिझर्व्ह बँकेने तिथेच लिहिलेलं आहे. त्याने पैसे काढून घेतले का, हे मी नंतर विचारलं नाही. तो मोठा आहे.

आमच्यापुढे प्रश्न होता बिलाचं काय. अण्णा म्हणाले, "एकदा पोळलं ना, राहू दे आता." भाऊजींना पुन्हा वीस लॉट करायचे होते. मी दोघांसमोर वही ठेवली. पैसे तेवढेच धरले, ४५,०००, आणि लॉट निम्मे. दहा लॉटला मार्जिन साधारण २१,००० (आता थोडं वाढलं होतं). मोकळे राहतात २४,०००. एका पैशामागे आता १०० रुपये. म्हणजे दोनशे चाळीस पैशांची जागा. तेवढेच पैसे, लॉट निम्मे, पण सोसण्याची ताकद पंचवीस पैशांवरून दोन रुपये चाळीस पैशांवर गेली. लॉट निम्मे केले म्हणून जागा दुप्पट होईल असं वाटतं, ती जवळपास दहापट झाली, कारण वीस लॉटमध्ये आपले बहुतेक पैसे मार्जिनच खाऊन टाकत होतं. अण्णांनी तो भागाकार स्वतः करून बघितला आणि मग होकार दिला. अर्धं बिल बांधायचं, अर्धं बाजारावर सोडायचं.

जुने उरलेले साडेतेहतीस हजार खात्यात होतेच, वर साडेअकरा हजार भरले. फेब्रुवारीच्या मध्याला मार्चचे दहा लॉट ८७.०५ ला विकले. त्याआधी दोन कामं केली. फर्मचं दुसऱ्या बँकेतलं चालू खातंही ब्रोकरकडे नोंदवून घेतलं, तिथे एका भागीदाराच्या सहीवर पैसे जातात. अर्ज, रद्द केलेला चेक आणि चारेक दिवस, एवढंच लागलं. आणि ब्रोकरचे मार्जिनचे एसएमएस माझ्याबरोबर भाऊजींच्या नंबरवरही यावेत अशी सोय केली.

फेब्रुवारी संपताना डॉलर पुन्हा ८७.५० पर्यंत चढला. वायद्यात साडेसहा हजारांच्या आसपास वजा झाले. मोकळे चोवीस हजार होते त्यातले साडेसतरा उरले. फोन आला नाही, एसएमएस आला नाही. त्या दिवशी मला झोप नीट लागली, हे मुद्दाम सांगते, कारण महिन्यापूर्वी तेवढ्याच हालचालीला घरात सगळ्यांचे आवाज चढले होते.

मार्चमध्ये रुपया सावरत गेला आणि महिनाअखेरीस डॉलर ८६ च्याही खाली आला. ज्याची भीती होती तेच झालं. सिरीजच्या शेवटच्या दिवशी व्यवहार दुपारी साडेबारालाच थांबतो, आणि ती तारीख महिनाअखेर नसते, महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजाचे दिवस आधी येते. कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. सौदा आम्ही बंद केला नाही, शेवटी तो आपोआप त्या दिवशीच्या संदर्भ दराने मिटला. डॉलर प्रत्यक्ष द्यावे-घ्यावे लागत नाहीत, फरक रुपयात येतो. संदर्भ दर ८५.७० च्या आसपास होता, आणि दहा लॉटवर आमच्या खात्यात एकूण सुमारे साडेतेरा हजार जमले. पहिल्या सौद्यातला ११,४०० चा तोटा त्यातून निघाला. बिलाचे डॉलरही त्याच आठवड्यात आले आणि बँकेने ८५.५० च्या आसपास रुपये दिले, म्हणजे भाव काढताना धरला तितकेच.

पहिले वीस लॉट टिकले असते तर याच दिवशी त्यावर तेवीस हजार मिळाले असते. सौद्याची दिशा २९ जानेवारीलाही बरोबर होती आणि २६ मार्चलाही. मधल्या एका सोमवारी तो बरोबर नव्हता, आणि मार्जिन त्या सोमवारचंच बघतं.

सगळं मिटल्यावर मी बँकेकडे फॉरवर्डच्या लिमिटचा अर्ज रीतसर दिला आहे. तिथे भाव एक्स्चेंजपेक्षा थोडा कमी मिळेल आणि लिमिटसाठी तारण लागेल, पण रोजचा फरक रोख मागितला जात नाही. मुदतीच्या दिवशी डॉलर द्यायचे, ठरलेले रुपये घ्यायचे. मोठ्या बिलांना आम्ही तो वापरू. दहा हजार डॉलरपर्यंतच्या बिलांना वायदाच ठेवू, आणि ऑर्डर टाकण्याआधी वहीच्या त्या पानावर तीन आकडे लिहू : मोकळी रोकड, लॉटमागे दहा याप्रमाणे सगळ्या लॉटचे एका पैशामागचे रुपये, आणि भागाकार करून येणारे पैसे. तो आकडा दोनशेच्या खाली आला तर लॉट कमी करायचे, हे आमच्या घरात आता ठरलं आहे. कुणाला अर्जाचे किंवा घोषणापत्राचे नमुने बघायचे असतील तर खाली लिहा, आमच्या फायलीतून फर्मचं नाव काढून देईन.